देवघरातली काजळी आणि कुंकवाचे डाग

नवरात्र तोंडावर आलं की आमच्या गटाकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतो. देव्हाऱ्यामागची भिंत काळी झालीय, देवांच्या फळीवर कुंकवाचे लाल डाग पडलेत, काय लावून पुसायचं? आम्ही पाच जणी गेली काही वर्षं घरांची साफसफाई आणि छोटी रंगकामं घेतो, त्यामुळे अशा बऱ्याच भिंती आमच्या हाताखालून गेल्या आहेत. आज फक्त एवढ्याच विषयावर बोलू या, म्हणजे दिव्याची काजळी, कुंकू, आणि त्याखालची भिंत नि दगड.

आधी काजळीचं समजून घेऊ. आपल्या आज्या घरी काजळ धरायच्या ते आठवा. तुपाचा किंवा एरंडेलाचा दिवा लावायचा, वर तांब्याचं नाहीतर चांदीचं ताट पालथं धरायचं, आणि ताटाला जमलेली काळी पूड तुपात खलून डोळ्यांत घालायची. देवघराच्या भिंतीवर बसते ती हीच पूड. तिथे ताटाचं काम भिंत करते, एवढाच फरक. वातीतलं सगळं तेल नीट जळलं नाही की उरलेला कोळसा पिठापेक्षाही बारीक कणांच्या रूपात वर जातो, आणि त्या कणांबरोबर तेलाची वाफही जाते. भिंतीला लागते ती कोरडी पूड आणि तिच्याखाली तेलाचा पातळ थर. काजळ बोटाने लावलं की पसरतं आणि पाण्याने जात नाही. भिंतीवरच्या काजळीचंही तसंच आहे.

म्हणून ओलं फडकं शेवटी घ्यायचं, सुरुवातीला नाही. ओल्या फडक्याने पुसलं की वर सैल बसलेली पूड तेलात कालवली जाते आणि रंगाच्या बारीक छिद्रांत दाबली जाते. आधी काळी झालेली भिंत मग राखाडी पट्ट्यांची होते, आणि त्या पट्ट्या काढणं मूळ काजळी काढण्यापेक्षा कठीण असतं. कंदिलाची काच पूर्वी कोरड्या राखेने आणि कागदाने पुसायचे, पाणी नंतर यायचं. तीच रीत इथे.

कामाच्या आधी दिवा विझवून थंड होऊ द्या. देव घरातल्या ज्या माणसाने हलवायचे त्याच्याकडून हलवून घ्या, कारण बाहेरच्या माणसाने हात लावलेला काही घरांत चालत नाही. खाली वर्तमानपत्रं पसरा, पंखा बंद करा, नाकाला रुमाल बांधा. मग दाढीच्या ब्रशसारखा मऊ केसांचा ब्रश घेऊन वरून खाली हलक्या हाताने पूड झाडा. दाबायचं नाही आणि गोल फिरवायचं तर मुळीच नाही. घरात व्हॅक्यूम असेल तर त्याचं तोंड भिंतीपासून बोटभर लांब धरून ब्रशच्या मागोमाग फिरवा.

झाडून जी जात नाही तिच्यासाठी कणीक. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी मीठ आणि लागेल तसं कोमट पाणी घेऊन पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट गोळा मळा. हाताला चिकटेनासा झाला की पाव तास झाकून ठेवा. मग लिंबाएवढा गोळा घेऊन भिंतीवर टेकवायचा आणि उचलायचा, किंवा वरच्या दिशेने हलकेच लोळवायचा. गोळा काळा झाला की काळी बाजू आत दुमडून पुन्हा घ्यायचा, आणि सगळाच करडा दिसू लागला की टाकून नवा. अमेरिकेत घरं कोळशावर गरम करायचे तेव्हा भिंतीच्या कागदावरची काजळी काढायला असाच पिठाचा गोळा डब्यातून विकला जायचा. १९५० च्या दशकात तोच पुढे मुलांची खेळायची कणीक म्हणून बाजारात आला. काम झाल्यावर भिंतीला लागलेले पिठाचे कण कोरड्या ब्रशने झाडून टाका, नाहीतर मुंग्या येतील.

आता भिंत धुता येईल का, हे रंगावर ठरतं. कोपऱ्यात, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथे, कोरडं बोट घासा. बोटाला पांढरी पूड लागली तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर, आणि त्याला पाणी लावायचं नाही. ब्रश आणि कणीक एवढंच करून पुढे रंगाचाच हात द्यायचा. बोट स्वच्छ राहिलं तर ओल्या पांढऱ्या फडक्याने तिथेच पाच-सहा वेळा पुसा. फडक्याला रंग आला तर धुलाईचा डिस्टेंपर असू शकतो. त्याला ओलसर फडकं एकदाच, तेही टेकवून, एवढंच सोसतं. फडकंही कोरं राहिलं तर तो आपण ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतो तो किंवा ऑइल पेंट, आणि तो धुता येतो.

धुवायला दोन लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा भांडी घासायचं पातळ साबण पुरतं. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त असं नसतं. जास्त साबण भिंतीवर राहतं आणि त्यावर पुढची काजळी लवकर चिकटते. शेजारी साध्या पाण्याची दुसरी बादली ठेवा. स्पंज बुडवून नीट पिळा, हाताला ओला लागला पाहिजे पण थेंब गळता कामा नये.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. भिंत खालून वर धुवायची. वरून सुरुवात केली तर काळं पाणी ओघळून खालच्या कोरड्या काजळीवरून उतरतं आणि त्याच्या रेघा रंगात बसतात. खालचा भाग आधी धुऊन ओला केलेला असेल तर वरून आलेला ओघळ त्यावर टिकत नाही, पुसला जातो. एका वेळी फूटभर चौकोन घ्या, साबणाच्या पाण्याने टिपा, लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने टिपा, मग सुती पंचाने कोरडं करा आणि वरच्या चौकोनाकडे जा. सगळी भिंत झाल्यावर एकदा वरून खाली साध्या पाण्याचं फडकं फिरवायचं. बाजारात पांढरा फोमचा डाग काढणारा स्पंज मिळतो. तो खरं तर अतिशय बारीक पॉलिशपेपरच असतो. मॅट रंगावर त्याने डाग जातो, पण घासलेल्या जागी चकाकी येते आणि ती बाजूने पाहिलं की दिसत राहते.

आता कुंकू. सगळं कुंकू एक नसतं, आणि कोणतं आहे ते कळल्याशिवाय डागाला हात लावू नये. हळदीचं कुंकू करताना हळदीला चुना किंवा टाकणखारासारखा क्षार लावतात आणि ती लाल होते. हळदीचा डाग पडलेल्या फडक्याला साबण लावला की लालभडक होतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, ते हेच. बाजारातल्या स्वस्त कुंकवात मात्र बहुतेक वेळा पांढऱ्या भुकटीला रासायनिक रंग दिलेला असतो. ओळखायला बशीत चिमूटभर कुंकू घेऊन त्यावर लिंबाचे चार थेंब पिळा. पिवळं झालं तर त्यात हळद आहे. गुलाबी-लालच राहिलं तर तो रासायनिक रंग. ही परीक्षा बशीतच करायची, भिंतीवर किंवा दगडावर नाही. तसं का, ते दगडाकडे आल्यावर सांगतो.

दोन्ही प्रकारांत पहिली पायरी पुन्हा कोरडीच आहे. रासायनिक कुंकू पाण्यात लगेच विरघळतं, त्यामुळे सांडलेल्या कुंकवावर ओलं फडकं टाकलं की टिकलीएवढ्या डागाचा तळव्याएवढा गुलाबी ठसा होतो. आधी कोरड्या ब्रशने पूड उचला. उरलेला डाग साबणाच्या पाण्याच्या पिळलेल्या कापसाने बाहेरून आत टिपत जा आणि प्रत्येक वेळी कापूस बदला. आतून बाहेर गेलात तर डागाला कडा फुटतात.

तेवढ्यानेही डाग राहिला तर औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, जे जखमा धुवायला वापरतात ते, साधारण सहा टक्क्यांचं. हातमोजे घालून कापूस त्यात भिजवा, पिळा, डागावर दहा मिनिटं टेकवून धरा आणि साध्या पाण्याने टिपा. पांढऱ्या किंवा फिकट भिंतीवरच हे करा, तेही कोपऱ्यात करून पाहिल्यावर, कारण गडद रंग त्याने उडू शकतो. पेरॉक्साइड लिंबाच्या रसात, व्हिनेगरमध्ये किंवा ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. ब्लीच आणि आम्लाचा तर विषारी वायू होतो, आणि देवघर बहुधा बिनखिडकीच्या कोपऱ्यात असतं. काही जणी हळदीच्या डागाला स्पिरिट लावतात. हळदीचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो हे खरं आहे, पण प्लास्टिक पेंटही स्पिरिटने मऊ पडतो आणि डागाबरोबर रंग निघतो. शिवाय स्पिरिट लगेच पेट घेतं, आणि आपण दिव्याच्या जागेजवळ काम करतो आहोत.

शेंदराला मात्र यातलं काही करू नका. पारंपरिक शेंदूर शिशापासून होतो आणि त्याची धूळ पोटात गेली तर लहान मुलांना फार अपाय होतो. तो कोरडा झाडायचा किंवा खरवडायचा नाही. ओल्या फडक्याने टिपून फडकं टाकून द्यायचं आणि हात साबणाने धुवायचे. कोरड्याने सुरुवात करण्याच्या नियमाला हा एवढाच अपवाद.

आता दगड. देवांच्या फळीला आपल्याकडे कडप्पा, शहाबादी, कोटा किंवा संगमरवर असतो. दिसायला हे चार वेगळे असले तरी चारही चुनखडीच्या जातीचे आहेत, आणि चुनखडीला आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, संडास धुवायचं अ‍ॅसिड, यांतलं काहीही पडलं की दगडाचा वरचा थर विरघळतो. काळ्या कडप्प्यावर पांढुरका ठिपका दिसतो आणि संगमरवराची चमक जाते. पुष्कळ घरांत हे डाग कुंकवापेक्षा जास्त असतात, कारण समई आणि निरांजन चिंचेने किंवा पितळ घासायच्या पावडरीने फळीवरच घासलं जातं. तो डाग नव्हे, ती दगडाची झीज आहे. कितीही पुसली तरी जात नाही, पॉलिशवाल्याकडूनच भरून येते. म्हणून लिंबाची परीक्षा बशीत.

दगडात मुरलेलं तेल आणि कुंकू घासून निघत नाही, कारण ते वर नसून आत असतं. ते बाहेर ओढून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी लेप लावतात. रंगाच्या दुकानात पांढरी खडूची भुकटी मिळते ती घ्या. तेलाच्या डागासाठी एक वाटी भुकटीत एक चमचा खायचा सोडा, एक चमचा भांड्यांचं पातळ साबण आणि पाणी घालून श्रीखंडाएवढा घट्ट लेप करा. दगड आधी साध्या पाण्याने ओला करून घ्या. डागावर आणि डागाच्या कडेबाहेर दोन बोटं, अर्ध्या बोटाच्या जाडीचा लेप द्या. त्यावर प्लास्टिकचा कागद टाकून कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस-रात्र राहू द्या. मग प्लास्टिक काढून लेप तसाच पूर्ण वाळू द्या. खरं काम या वाळण्यातच होतं. पाणी वरच्या बाजूने उडून जाताना आतलं तेल घेऊन भुकटीत येतं. लेप ओला असतानाच धुतला तर तेल जागच्या जागी राहतं. वाळल्यावर लाकडी उलथन्याने उचलून साध्या पाण्याने पुसा. काम झालं की नाही ते उचललेल्या खपल्यांवरून कळतं. दगडाकडची बाजू पिवळट दिसली तर आत अजून तेल आहे, पुन्हा लेप द्या. दोन-तीन वेळा लागू शकतात.

कुंकवाच्या डागाला हाच लेप, पण साबण आणि सोड्याऐवजी पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला, आणि फक्त पांढऱ्या संगमरवरावर. काळ्या कडप्प्यावर पेरॉक्साइडने दगड फिका पडू शकतो, तिथे साबणाच्या पाण्याचाच लेप ठेवा. तेल आणि कुंकू दोन्ही असेल तर आधी तेलाचा लेप. तेलाचा थर वर असेपर्यंत पेरॉक्साइड आतल्या रंगापर्यंत पोचत नाही.

हे सगळं एका घरात कसं झालं ते सांगतो. तालुक्याच्या गावी भाड्याने राहणाऱ्या एक ताई घर सोडत होत्या. वीस हजार रुपये अनामत होती. घरमालकांनी देवघराची भिंत पाहिली आणि सगळ्या खोलीच्या रंगाचे नऊ हजार कापून घेऊ असं सांगितलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा बघायला येणार होते. ताईंनी आम्हाला सोमवारी दुपारी बोलावलं.

भिंतीत बसवलेली कडप्प्याची फळी होती आणि तिच्यावर देवांखाली ताईंचा स्वतःचा संगमरवराचा सुटा तुकडा. मागच्या भिंतीवर दिव्यापासून छतापर्यंत काजळीचा पिसारा उमटलेला. आदल्या दिवशी ताईंनी एका बाजूने ओलं फडकं मारलं होतं, तिथे करडे फराटे होते. फळीच्या कडेला भिंतीवर कुंकवाच्या बोटांचे ठसे, कारण हात पुसायची सगळ्यांची जागा तीच. संगमरवरावर समईच्या बुडाएवढं पिवळट कडं आणि त्याच्या बाजूला गुलाबी ठिपके. कडप्प्यावर दोन पांढुरके ओघळ होते. पितळ कुठे घासता असं विचारलं, तर इथेच, लिंबाने, असं उत्तर आलं.

त्यांना पहिल्यांदा सांगितलं ते हे की कडप्प्याचे दोन ओघळ जाणार नाहीत, ते मालकांना तुम्हीच आधी सांगा. बाकीचं बघू या.

कोपऱ्यात बोट घासलं, स्वच्छ राहिलं. ओलं फडकं फिरवलं, तेही स्वच्छ. म्हणजे प्लास्टिक पेंट. बशीत कुंकू घेऊन लिंबू पिळलं, गुलाबीच राहिलं, म्हणजे रासायनिक रंग. सोमवारी ब्रश आणि कणीक केली, तीन वेळा गोळे मळावे लागले, आणि पिसारा निम्म्याहून जास्त फिका झाला. संध्याकाळी संगमरवरावर तेलाचा लेप देऊन प्लास्टिक लावलं. मंगळवारी भिंत खालून वर धुतली. ओलं फडकं न लागलेली बाजू जवळजवळ कोरी झाली, पण फराट्यांची बाजू करडीच राहिली. त्याच संध्याकाळी लेपावरचं प्लास्टिक काढलं. बुधवारी सकाळी कुंकवाचे ठसे टिपले. पाच ठशांपैकी तीन साबणाच्या पाण्याने गेले, दोन पेरॉक्साइडने. संध्याकाळपर्यंत लेप वाळला होता. खपल्या खालून पिवळ्या निघाल्या आणि दगडावरचं कडं अगदी पुसट झालं. दुसरा तेलाचा लेप द्यायला हवा होता, पण दिवस मोजकेच होते. म्हणून त्या रात्री पेरॉक्साइडचा लेप दिला, गुरुवारी संध्याकाळी प्लास्टिक काढलं, शुक्रवारी तो वाळला. गुलाबी ठिपके गेले. कडं बाजूने पाहिलं तर दिसत होतं. तुकडा ताईंचाच होता, त्यांनी तेवढं चालेल म्हटलं.

राहिली ती भिंतीची करडी बाजू आणि दिव्याच्या बरोबर मागे ताटाएवढा पिवळट डाग. धुऊन दोनदा वाळली तरी डाग तसाच दिसतो, तेव्हा तेल रंगाच्या आत गेलेलं असतं. आणखी घासलं तर रंग जाईल, तेल नाही. अशा जागी नुसता रंगाचा हात दिला तर महिन्याभरात पिवळेपणा वर येतो, कारण पाण्याच्या रंगातून तेल आणि काजळी पुन्हा वर झिरपते. म्हणून शुक्रवारी तिथे थिनरमध्ये कालवायचा तेलाचा प्रायमर लावला. चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिशही हेच काम करतं. वास उग्र असल्याने दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, आणि तो वाळेपर्यंत घरात दिवा लावू दिला नाही.

शनिवारी रंग दिला. मालकांना फोन करून रंगाचा नंबर विचारून घेतला होता आणि सगळ्यात लहान डबा आणला होता. रंग फक्त डागावर द्यायचा नसतो. जुन्या रंगावर नव्याचं ठिगळ उन्हात लगेच ओळखू येतं. म्हणून फळीपासून वर छतापर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपर्यंत सगळा पट्टा रंगवला, म्हणजे जोड कोपऱ्यातच संपला.

मैदा, भुकटी, पेरॉक्साइड, प्रायमर आणि रंग मिळून सामानाचा खर्च सातशे रुपयांच्या आत बसला, आमची मजुरी वेगळी. रविवारी मालकांनी भिंत पाहिली, फळीचे ओघळ ताईंनी आधीच सांगितले होते ते पाहिले, आणि पॉलिशचे म्हणून पाचशे कापले. बाकीची अनामत परत मिळाली.

भिंत पुन्हा काळी होऊ नये म्हणून काय करायचं, ते काजळ धरण्याच्या त्याच रीतीने तपासता येतं. दिवा लावल्यावर ज्योतीच्या वर वीतभर स्टीलचं झाकण सांडशीने मिनिटभर धरा. झाकणाला काळं लागलं तर ते भिंतीलाही लागणार. मग एक-एक गोष्ट बदलत पुन्हा झाकण धरा. बहुतेक वेळा वात जाड किंवा लांब असते. वात बारीक वळून ज्योत बोटाच्या पेराएवढी राहील इतकीच बाहेर काढा, आणि जळालेलं टोक रोज चिमट्याने काढून टाका. दिवा वाऱ्याच्या झोतात असेल तर ज्योत हलते, आणि हलणारी ज्योत जास्त काजळी सोडते, म्हणून पंख्याची दिशा बघा. तळणीचं उरलेलं तेल दिव्याला घालू नका, ते धुरकट जळतं. आणि दिवा भिंतीपासून हातभर पुढे ओढता येत नसेल तर मागे एक चकाकीची फरशी उभी करा. तिच्यावरची काजळी आठवड्याला कोरड्या कागदाने पुसता येते, ती मुरत नाही.

समईखाली पितळी तबक ठेवलं तर दगडात तेल उतरणार नाही, आणि कुंकवाचे हात पुसायला फळीपाशी एक जुना पंचा अडकवला तर भिंत वाचेल. पितळ मात्र मोरीत नेऊनच घासा.

नवरात्राचा अखंड दिवा बसायच्या आधी एकदा झाकण धरून बघा. घट बसल्यावर नऊ दिवस तिथलं काही हलवता येत नाही, आणि नऊ दिवसांची काजळी नुसत्या कणकेच्या गोळ्याने निघत नाही. तुमच्या भिंतीचा किंवा दगडाचा काही वेगळा प्रकार असेल तर केंद्रावर कळवा. कळवताना बोट घासल्यावर काय दिसलं आणि कुंकवावर लिंबू पिळल्यावर काय झालं तेवढं लिहा, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.